वीस टक्के को-पे, पण खिशातून गेले पस्तीस टक्के: एका पॉलिसी वर्षाचा पूर्ण हिशेब

पुण्यातल्या एका निवृत्त दांपत्याच्या आरोग्य विम्याचा हा हिशेब आहे. काका सदुसष्ट वर्षांचे, काकू त्रेसष्टच्या. दोघांची मिळून पाच लाखांची ज्येष्ठ नागरिक पॉलिसी, वर्ष 1 ऑक्टोबर 2024 ते 30 सप्टेंबर 2025. सहावे वर्ष. पहिल्या पाच वर्षांत एकच क्लेम झाला होता, या वर्षी मात्र तीन वेळा हॉस्पिटल गाठावे लागले. सप्टेंबरमध्ये नूतनीकरणाची नोटीस आली तेव्हा काकांचा प्रश्न सरळ होता: "पॉलिसीवर लिहिलंय वीस टक्के आपले, ऐंशी टक्के कंपनीचे. मग एवढे पैसे गेले कुठे? आणि आता म्हणतात, साडेबारा हजार जादा भरा, को-पे काढून टाकतो. भरू का?"

त्यांच्या संमतीने हिशेब इथे देतो आहे. बेरीज डोळ्यांखालून नीट जावी म्हणून आकडे गोल केले आहेत.

आधी कागद

हा हिशेब करताना बहुतेक जण विमा कंपनीचे सेटलमेंट लेटर घेऊन बसतात. त्यात 'मागितलेली रक्कम' आणि 'मंजूर रक्कम' असे दोन आकडे असतात, आणि त्यांतला फरक म्हणजे आपल्या खिशातून गेलेले पैसे असे गृहीत धरले जाते. ते नेहमी खरे नसते. काकूंच्या मनगटाच्या ऑपरेशनचे मूळ बिल 90,000 रुपयांचे होते. त्यात हॉस्पिटलने विमा कंपनीशी ठरलेल्या दराप्रमाणे 6,000 रुपयांची सवलत दिली. लेटरमध्ये ते सहा हजार 'कपात' म्हणून दिसतात, पण ते काकूंनी भरलेले नाहीत, कोणीच भरलेले नाहीत. म्हणून खिशातला आकडा लेटरवरून काढायचा नाही. हॉस्पिटलच्या अंतिम बिलावर 'रुग्णाने भरलेली रक्कम' असते ती घ्यायची आणि पावतीशी ताडून पाहायची. दाखल होताना भरलेले डिपॉझिट आणि डिस्चार्जच्या वेळी परत मिळालेली रक्कम या दोन्ही पावत्या सोबत लागतात, नाहीतर डिपॉझिट पूर्णच्या पूर्ण खर्चात धरले जाते.

प्रत्येक क्लेमला एकच कसोटी लावली. सवलत वजा केलेले बिल म्हणजे कंपनीने दिलेले अधिक आपण भरलेले, आणि आपण भरलेल्या प्रत्येक रुपयापुढे कारण लिहिलेले. हे रुपयापर्यंत जुळले नाही तर एखादा कागद हरवला आहे, नाहीतर कोणाचा तरी हिशेब चुकला आहे. आमच्या बाबतीत एका ठिकाणी दुसरी गोष्ट निघाली. ती पुढे सांगतो.

एक्सेलमध्ये एक साधा तक्ता केला: क्लेम, बिलातील बाब, रक्कम, कपातीचे कारण, कपात. कारणाच्या रकान्यात ठरावीकच शब्द वापरले, म्हणजे शेवटी कारणानुसार बेरीज एका ओळीत निघते:

```
=SUMIF(D:D,"को-पे",E:E)
```

क्लेम कोणत्या वर्षात धरायचा हे दाखल झाल्याच्या तारखेवरून ठरवले. डिस्चार्जनंतरची औषधे आणि तपासण्या त्याच क्लेमच्या असतात, मग त्या बिलांवर पुढच्या महिन्याच्या तारखा असल्या तरी. प्रीमियमशी तुलना करायची असल्यामुळे वर्ष पॉलिसीचे घ्यायचे. एप्रिल ते मार्च घेतले तर एका हप्त्याच्या समोर दोन पॉलिसी वर्षांचे क्लेम येऊन बसतात.

तीन आजारपणे

डिसेंबरमध्ये काकूंच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. लेन्स भारीतली घेतली, बिल 58,000. या पॉलिसीत मोतीबिंदूसाठी एका डोळ्याला 40,000 रुपयांची मर्यादा आहे. आधी ही मर्यादा लागली, म्हणजे 18,000 रुपये तिथेच बाजूला पडले. मग उरलेल्या चाळीस हजारांवर वीस टक्के को-पे, 8,000. कंपनीने दिले 32,000, काकूंनी भरले 26,000. वीस टक्के को-पे असलेल्या पॉलिसीत बिलाचा पंचेचाळीस टक्के भाग खिशातून गेला, आणि यात नियमबाह्य काहीच नव्हते.

मार्चमध्ये काकू घसरून पडल्या, मनगट मोडले, प्लेट घालावी लागली. सवलतीनंतर बिल 84,000. त्यातले 4,000 पॉलिसीत न बसणाऱ्या किरकोळ वस्तूंचे. उरलेल्या ऐंशी हजारांचे वीस टक्के म्हणजे 16,000 को-पे. एकूण 20,000 खिशातून. ही प्लेट-स्क्रूची डे-केअर शस्त्रक्रिया असल्यामुळे खोलीचा प्रश्नच आला नाही, आणि म्हणूनच पॉलिसीवरच्या वीस टक्क्यांच्या सर्वांत जवळ जाणारा क्लेम हाच आहे.

जुलैत काकांना न्यूमोनिया झाला. सहा दिवस दाखल होते, आयसीयू लागले नाही. या क्लेमवर जास्त वेळ घालवावा लागला.

एका खोलीची किंमत

पॉलिसीत खोलीभाडे विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला 5,000 रुपयांपर्यंत. काका एकट्याच्या खोलीत राहिले, भाडे 7,500. घरच्यांचा हिशेब असा होता: दिवसाला अडीच हजार जादा, सहा दिवसांचे पंधरा हजार, आजारी माणसाला शांत झोप मिळते तर भरू.

पण मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली की कपात फक्त भाड्यावर थांबत नाही. बहुतेक खासगी हॉस्पिटलांत डॉक्टरांची व्हिजिट, नर्सिंग, प्रोसीजर यांचे दर खोलीच्या प्रकारानुसार वाढत जातात. म्हणून विमा कंपनी हे संलग्न खर्चही त्याच प्रमाणात कमी करते. इथे प्रमाण होते 5,000 भागिले 7,500, म्हणजे दोन तृतीयांश. बिल 1,62,000 रुपयांचे होते: खोली 45,000, डॉक्टर-नर्सिंग वगैरे 36,000, औषधे 48,000, तपासण्या 24,000, आणि सोबत्याचे जेवण, लाँड्री, नेब्युलायझर किट अशा न मिळणाऱ्या बाबी 9,000.

पहिल्या सेटलमेंटमध्ये कंपनीने 81,600 रुपये दिले. तक्त्यात प्रत्येक ओळीसमोर कपात मांडली तेव्हा औषधांच्या 48,000 पुढे 16,000 आणि तपासण्यांच्या 24,000 पुढे 8,000 अशी कपात दिसली. दोन्हीकडे बरोबर एक तृतीयांश. म्हणजे खोलीचे प्रमाण सरसकट सगळ्या बिलाला लावले होते. विमा नियामकाने 2020 मध्येच पॉलिसीच्या अटींचे प्रमाणीकरण करताना स्पष्ट केले आहे की औषधे आणि वापरून टाकायचे साहित्य, इम्प्लांट आणि उपकरणे, तसेच तपासण्या यांच्यावर ही प्रमाणशीर कपात करता येत नाही. आयसीयूच्या खर्चावरही नाही. आणि जिथे हॉस्पिटल खोलीनुसार दर बदलतच नाही, तिथे तर ती मुळीच लावता येत नाही. ही चूक ओळखणे अवघड नाही. औषधांच्या ओळीत बरोबर त्याच अपूर्णांकाची कपात दिसली, की समजावे.

काकांनी कंपनीच्या तक्रार विभागाला एक पानाचे पत्र लिहिले. त्यात रागाचा शब्द नव्हता, फक्त दोन ओळी, दोन रकमा आणि नियमाचा उल्लेख. चोवीस हजार मान्य होऊन त्यांचा वीस टक्के को-पे वजा होऊन 19,200 रुपये खात्यात जमा झाले. ते आले नसते तर पुढची पायरी नियामकाचे 'बीमा भरोसा' पोर्टल आणि त्यानंतर विमा लोकपाल अशी होती.

दुरुस्तीनंतर हिशेब असा उरला. मान्य रक्कम 1,26,000, कंपनीने दिले 1,00,800, काकांनी भरले 61,200. त्यात को-पे 25,200, न मिळणाऱ्या बाबी 9,000, खोलीभाड्यातला फरक 15,000, आणि डॉक्टर-नर्सिंगवरची कपात 12,000. म्हणजे ती खोली पंधरा हजारांना नव्हे, सत्तावीस हजारांना पडली. हॉस्पिटलचे दरपत्रक मागवून पाहिले, तर दोघांच्या खोलीचे भाडे बरोबर 5,000 होते आणि व्हिजिटचे दरही त्याच पटीत कमी. त्या खोलीत कंपनीने दिलेली रक्कम एक रुपयाही बदलली नसती, फक्त काकांचे सत्तावीस हजार वाचले असते.

याच आजाराच्या दाखल होण्याआधीच्या 30 दिवसांतले आणि डिस्चार्जनंतरच्या 60 दिवसांतले खर्च वेगळे मागितले, 17,000 रुपये. त्यातल्या 3,000 रुपयांच्या औषधांना डॉक्टरांची चिठ्ठी जोडलेली नव्हती, ते गेले. चौदा हजारांवर को-पे वजा जाऊन 11,200 मिळाले.

बेरीज

| क्लेम | बिल | मान्य रक्कम | कंपनीने दिले | खिशातून |
|---|---|---|---|---|
| मोतीबिंदू | 58,000 | 40,000 | 32,000 | 26,000 |
| मनगट | 84,000 | 80,000 | 64,000 | 20,000 |
| न्यूमोनिया | 1,62,000 | 1,26,000 | 1,00,800 | 61,200 |
| आधी-नंतरचा खर्च | 17,000 | 14,000 | 11,200 | 5,800 |
| एकूण | 3,21,000 | 2,60,000 | 2,08,000 | 1,13,000 |

खिशातला वाटा पस्तीस टक्के. काकांच्या 'पैसे गेले कुठे' या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्या रकान्यात आहे. को-पे बिलावर लागत नाही, मान्य रकमेवर लागतो. 3,21,000 चे 2,60,000 होईपर्यंत 61,000 रुपये आधीच गळून गेले होते, आणि मग वीस टक्के म्हणजे 52,000 को-पे. ज्याच्यावर सगळा राग होता तो को-पे खिशातल्या पैशांचा निम्मा भागसुद्धा नव्हता. इतर एकसष्ट हजारांत खोलीचे 27,000, मोतीबिंदूच्या मर्यादेचे 18,000, न मिळणाऱ्या बाबींचे 13,000 आणि चिठ्ठी नसलेल्या औषधांचे 3,000.

इथे एक बारकावा आहे. को-पेच्या आधीची कपात वाचवली तर तो सगळा रुपया आपल्याला मिळेलच असे नाही. चिठ्ठ्या जोडल्या असत्या तर तीन हजार मान्य झाले असते, पण हातात 2,400 आले असते. सहाशे को-पेच्या रकान्यात गेले असते. खोलीचे तसे नाही. तिथे बिलच कमी झाले असते, म्हणून वाचणारा प्रत्येक रुपया पूर्ण आपला. नुकसान कुठे भरून काढायचे हे ठरवताना हा फरक कामाला येतो.

रोजच्या बीपी-मधुमेहाच्या गोळ्या, तपासण्या, दात, चष्मा असा वर्षाचा 53,000 रुपयांचा ओपीडी खर्च या पॉलिसीत नाहीच. तो मिळवला तर घराच्या एकूण औषधपाण्याचा 44 टक्के भाग खिशातून गेला. पण पॉलिसीची परीक्षा करताना हा आकडा वेगळाच ठेवावा. जे देण्याचे कंपनीने कधी कबूलच केले नव्हते, त्यावरून तिला पास-नापास ठरवणे चूक. घरखर्चाचा अंदाज बांधताना मात्र हाच आकडा खरा.

प्रीमियम वसूल झाला का?

या वर्षीचा प्रीमियम 38,000 आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, मिळून 44,840. मिळाले 2,08,000. साडेचार पटींहून जास्त. पण तीन आजारपणांचे वर्ष निवडून काढलेल्या या गुणोत्तरातून काही सिद्ध होत नाही, जसे क्लेम नसलेल्या वर्षातल्या शून्यातूनही होत नाही. म्हणून सहाही वर्षांचे हप्ते बँकेच्या पासबुकातून काढले. जीएसटीसह सुमारे 2,09,000 भरले होते. 2022 मध्ये काकांच्या हर्नियाला 34,000 मिळाले होते, ते धरून एकूण मिळाले 2,42,000. म्हणजे सहा वर्षांत भरले त्यापेक्षा सुमारे तेहतीस हजार जास्त परत आले.

मला स्वतःला हा आकडाही दुय्यम वाटतो. प्रीमियम कशासाठी भरतो, तर ज्या वर्षी तीन-चार लाखांचे बिल येते त्या वर्षी ठेवी मोडायला लागू नयेत म्हणून. त्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पॉलिसीच्या कलमांत सापडली. या पॉलिसीत मान्य रक्कम आधी विमा रकमेपर्यंत, म्हणजे पाच लाखांपर्यंत, आणली जाते आणि मग त्यावर को-पे लागतो. म्हणजे सर्वांत मोठ्या आजारात कंपनी जास्तीत जास्त चार लाख देईल. काका सहा वर्षे पाच लाखांचे संरक्षण धरून चालले होते, ते चार लाखांचे होते. काही पॉलिसींत हा क्रम उलटा असतो, को-पे आधी आणि मर्यादा नंतर. तिथे पूर्ण पाच लाख मिळू शकतात. आपल्या पॉलिसीत कोणता क्रम आहे हे कंपनीला ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्यावे. एजंटच्या तोंडी सांगण्यावर ही गोष्ट सोडू नये.

साडेबारा हजार भरावे का?

22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, त्यामुळे 1 ऑक्टोबरचे नूतनीकरण दहा टक्के दरवाढ धरूनही 41,800 वर आले, गेल्या वर्षीपेक्षा तीन हजारांनी कमी. को-पे काढायचा असेल तर त्यावर आणखी 12,500.

यासाठी एकच भागाकार लागतो. को-पे वीस टक्के आहे, म्हणजे 12,500 भागिले 0.20, उत्तर 62,500. वर्षाला सरासरी साडेबासष्ट हजारांपेक्षा जास्त मान्य क्लेम होणार असतील तर को-पे काढणे फायद्याचे, कमी असतील तर तोट्याचे. हॉस्पिटलचे बिल इथे धरायचे नाही, मान्य रक्कम धरायची. बिलाचा आकडा घातला की उत्तर नेहमी 'को-पे काढा' कडे झुकते.

सहा वर्षांची मान्य रक्कम: यंदाचे 2,60,000 आणि हर्नियाचे 42,500. सरासरी वर्षाला पन्नास हजारांच्या जरा वर. या हिशेबाने को-पे ठेवलेलाच बरा. पण हीच सरासरी फक्त शेवटच्या तीन वर्षांची काढली तर ती सत्त्याऐंशी हजारांच्या आसपास जाते आणि उत्तर उलटे होते. दोन आजारांच्या वर्षांवर उभी असलेली सरासरी इतकीच भरवशाची असते. वय वाढते आहे हे तीन वर्षांच्या बाजूने बोलते. यंदाची दोन मोठी कारणे, पडणे आणि न्यूमोनिया, दरवर्षी येणारी नाहीत हे सहा वर्षांच्या बाजूने.

म्हणून सरासरीवर न थांबता सर्वांत वाईट वर्ष पाहिले. पाच लाखांच्या मर्यादेमुळे एका वर्षातला को-पे कधीही एक लाखाच्या वर जाऊ शकत नाही. हे एक लाख ज्या घरात चार दिवसांत उभे राहू शकत नाहीत, त्या घराने सरासरी काहीही म्हणो, को-पे काढून घ्यावा. काकांकडे पेन्शन आहे आणि ठेवी आहेत. त्यांनी को-पे ठेवला, एक लाखाची वेगळी मुदत ठेव केली, आणि वाचलेल्या साडेबारा हजारांतून चार लाखांच्या वरचा खड्डा भरून काढणारी टॉप-अप पॉलिसी मिळते का याची चौकशी सुरू केली. टॉप-अपमध्ये आधीचे आजार आणि प्रतीक्षा कालावधी यांचे प्रश्न या वयात येतातच. शिवाय टॉप-अप पाच लाखांच्या वर सुरू होणारी असेल तर चार ते पाच लाखांमधला तुकडा काकांच्याच अंगावर राहतो, म्हणून ती नेमकी कोणत्या रकमेपासून द्यायला लागते हे आधी पाहायला सांगितले आहे.

काकूंच्या डाव्या डोळ्याचे ऑपरेशन या हिवाळ्यात करायचे आहे. मर्यादा तीच, चाळीस हजार. कंपनी देणार 32,000. नेत्रतज्ज्ञांनी साध्या मोनोफोकल लेन्सचे पॅकेज 42,000 सांगितले आहे, पूर्वीच्यासारखी लेन्स घेतली तर 58,000. खिशातून एकीत दहा हजार, दुसरीत सव्वीस हजार. एका डोळ्यात एक प्रकारची लेन्स आणि दुसऱ्यात वेगळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारून काकू पुढच्या आठवड्यात तारीख घेणार आहेत.